जिवंत पेशींची टक्केवारी आणि हरवलेला छेद

हेला पेशींच्या एका फ्लास्कमध्ये सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध घातले आणि ४८ तासांनी किती पेशी जिवंत राहिल्या ते पाहायचे ठरले, असे समजू. दोन विद्यार्थी सारख्याच तयार केलेल्या दोन फ्लास्कवर काम करतात. रंग तोच, मोजणीचा चेंबर तोच, सूत्रही तेच. एकाच्या वहीत उत्तर येते ९१ टक्के, दुसऱ्याच्या वहीत ६५ टक्के. दोघांचीही मोजणी बरोबर आहे आणि आकडेमोडही. फरक इतकाच, की पहिल्याने फ्लास्कमधले जुने मीडियम टाकून दिले आणि दुसऱ्याने ते जपून ठेवले.

ट्रिपान ब्लूची चाचणी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यातच शिकवली जाते. रंग मिसळायचा, निळ्या पेशी मृत आणि पांढऱ्या जिवंत असे धरून मोजायचे, भागाकार करायचा आणि शंभराने गुणायचे, एवढीच ती दिसते. त्यामुळे सगळे लक्ष अंशाकडे, म्हणजे जिवंत पेशींकडे जाते. छेदात कोणत्या पेशी आल्या आणि कोणत्या वाटेतच गळाल्या, हे विचारायचे राहून जाते. हा लेख ही चाचणी त्या छेदाच्या बाजूने पाहतो.

रंग नेमके काय तपासतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी कियोशी शिगा हे ट्रिपॅनोसोम या परजीवींना मारणारी रसायने शोधत होते. झोपेचा आजार या परजीवींमुळे होतो. १९०४ मध्ये त्यांनी ट्रिपान रेड हे रंजक पुढे आणले. त्यानंतर लवकरच पॅरिसच्या पाश्चर संस्थेत निकोल आणि मेस्निल यांच्या कामातून ट्रिपान ब्लू आले. झोपेच्या आजारावरचे औषध म्हणून ते टिकले नाही, पण त्याचा एक गुण टिकला. शरीरातले अखंड पडदे ते ओलांडत नाही. एर्लिख यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये हे रंजक प्राण्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात टोचले, तेव्हा मेंदू आणि मज्जारज्जू निळे झाले, बाकी शरीर मात्र रंगले नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडसर आहे, या कल्पनेला त्या प्रयोगाने मोठा आधार दिला.

पेशीच्या पातळीवरही गोष्ट तीच आहे. ट्रिपान ब्लूचा रेणू मोठा असतो, त्याचे रेणुवस्तुमान सुमारे ९६० आहे आणि त्यावर ऋण भाराचे चार गट असतात. पेशीचे पटल मेदाचे बनलेले असते. इतका मोठा आणि इतका भारित रेणू त्यातून सहज आत शिरू शकत नाही. पटल फाटले की तो आत जातो, तिथल्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी निळी दिसते.

इथे एक समजूत सुधारून घ्यायला हवी. जिवंत पेशी रंग आत घेऊन मग बाहेर फेकते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. पटल शाबूत असेल तर रंग आत जातच नाही. म्हणजे ही चाचणी पेशी जिवंत आहे का हे थेट विचारत नाही, तर या क्षणी तिचे पटल अखंड आहे का एवढेच विचारते. बहुतेक वेळा या दोन प्रश्नांची उत्तरे एक येतात. ती कधी वेगळी येतात, हे लेखाच्या शेवटी येईल.

पेशी गोळा करताना

हेला पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढतात. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या आणि आज त्या जगभर वाढवल्या जातात. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या संस्थांच्या पेशीभांडारातून अशा पेशी देशभरच्या प्रयोगशाळांना मिळतात.

चिकटून वाढणाऱ्या पेशींचा एक स्वभाव मोजणीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मरताना त्या गोल होतात, तळ सोडतात आणि वरच्या मीडियममध्ये तरंगू लागतात. नेहमीच्या सवयीने पेशी उचलताना आधी जुने मीडियम काढून टाकतात, मग पीबीएसने धुतात, मग ट्रिप्सिन घालतात. पेशी फक्त पुढच्या फ्लास्कमध्ये लावायच्या असतील तर ही सवय योग्यच आहे. पण औषधाने किती पेशी मेल्या हे मोजायचे असेल, तर मृतांचा मोठा वाटा मोजणीआधीच टाकाऊ बाटलीत गेलेला असतो.

म्हणून अशा प्रयोगात टी-२५ फ्लास्कमधले मीडियम आधी १५ मिलीच्या नळीत घ्यावे. फ्लास्क २ मिली पीबीएसने हलकेच धुऊन ते धुवणही त्याच नळीत ओतावे. आता तळाला चिकटलेल्या पेशींवर १ मिली ट्रिप्सिन-ईडीटीए घालून फ्लास्क ३७ अंश सेल्सिअसला दोन-तीन मिनिटे ठेवावा. मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन सुटताना दिसल्या, की सीरम असलेले ३ ते ४ मिली मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवावे आणि सुटलेल्या पेशी दुसऱ्या एका नळीत घ्याव्यात. सीरममधली प्रथिने ट्रिप्सिनला निष्प्रभ करतात. ट्रिप्सिन विसरून दहा-पंधरा मिनिटे राहिले, तर चांगल्या पेशींचेही पटल दुबळे होते आणि त्या निळ्या दिसू लागतात. हा मृत्यू औषधाने नव्हे, तर हाताळणीने घडवलेला असतो. औषध न घातलेल्या, म्हणजे कंट्रोल फ्लास्कमध्येही टक्केवारी अचानक उतरली, तर पहिला संशय इथे घ्यावा.

दोन्ही नळ्या २०० जी वेगाला पाच मिनिटे सेंट्रिफ्यूज कराव्यात. वरचा द्रव सावकाश काढून तळाच्या पेशी मोजून घेतलेल्या पीबीएसमध्ये मिसळाव्यात. पीबीएस घेण्यामागे कारण आहे. ट्रिपान ब्लू सीरममधल्या अल्ब्युमिनलाही चिकटतो. नमुन्यात सीरम भरपूर असेल तर रंगाचा काही भाग तिथेच अडकतो, पार्श्वभूमी गडद होते आणि मृत पेशी फिकट राहतात. फिकट मृत पेशी डोळ्याला जिवंत वाटते.

पेशी मिसळताना पिपेटने आठ-दहा वेळा वर-खाली करावे, फेस होऊ देऊ नये. गठ्ठे राहिले तर त्यांच्या आतल्या पेशी मोजताच येत नाहीत. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारा डीएनए चिकट असतो आणि मृत पेशींना एकत्र धरतो, त्यामुळे गठ्ठ्यांमध्ये बहुतेकदा मृत पेशीच जास्त असतात. गठ्ठे सोडून मोजले की छेद पुन्हा लहान होतो आणि टक्केवारी पुन्हा फुगते.

रंग, वेळ आणि चेंबर

बाजारात मिळणारे द्रावण साधारणपणे ०.४ टक्क्याचे असते. २० मायक्रोलिटर पेशी आणि २० मायक्रोलिटर रंग एका लहान नळीत मिसळावेत. दोन्ही समप्रमाणात असल्याने पेशी दुप्पट विरळ होतात. हा दोनचा गुणक पुढे हिशेबात लागतो. जुन्या बाटलीत रंगाचे कण तळाशी बसतात आणि मायक्रोस्कोपखाली ते गडद मृत पेशींसारखे भासतात, म्हणून द्रावण वापरण्याआधी गाळून घ्यावे. कणाची कड धारदार आणि आकार वेडावाकडा असतो, पेशीची कड गोलसर असते. शंका असेल तर पेशी न घालता नुसता रंग चेंबरमध्ये पाहावा. तिथेही ठिपके दिसले तर ते कण आहेत.

मिसळल्यापासून घड्याळ सुरू होते. रंग मृत पेशींत पुरता उतरायला एक-दोन मिनिटे लागतात, आणि मोजणी साधारण पाच मिनिटांच्या आत संपवावी. ट्रिपान ब्लू स्वतः पेशींना घातक आहे. जास्त वेळ ठेवले तर आधी चांगल्या असलेल्या पेशीही निळ्या होऊ लागतात. त्यातच चेंबर वाळू लागला तर क्षार दाट होऊन आणखी नुकसान होते. दहा नमुने एकदम रंगवून एकामागून एक मोजत बसले, तर शेवटच्या नमुन्याची टक्केवारी फक्त वाट पाहिल्यामुळे उतरते. प्रत्येक नमुना मोजण्याच्या वेळीच रंगवावा. आपल्या पेशी हा रंग किती वेळ सोसतात हे पाहायचे असेल, तर एकच नमुना दुसऱ्या आणि दहाव्या मिनिटाला मोजावा. दोन आकड्यांतली तफावत आपोआप उत्तर देते.

मोजणीसाठी सुधारित न्यूबॉअर चेंबर वापरतात. त्यावर नऊ मोठे चौकोन कोरलेले असतात. प्रत्येकाची बाजू १ मिलिमीटर आणि कव्हरस्लिपखालची खोली ०.१ मिलिमीटर. म्हणजे एका मोठ्या चौकोनावर ०.१ घन मिलिमीटर द्रव असतो, आणि असे दहा हजार चौकोन मिळून १ मिलिलिटर होतो. हिशेबात येणारा १०,००० हा आकडा इथून येतो. ही खोली बरोबर असली तरच तो आकडा खरा. कव्हरस्लिप नीट बसली की काचेच्या कडेला इंद्रधनुषी वलये दिसतात. मग पिपेटचे टोक कडेला टेकवून सुमारे १० मायक्रोलिटर द्रव आपोआप आत ओढला जाऊ द्यावा. खाचेत ओसंडला किंवा आत बुडबुडा राहिला, तर चेंबर धुऊन पुन्हा भरावा.

चार कोपऱ्यांचे मोठे चौकोन मोजावेत. रेघेवर बसलेल्या पेशींसाठी एक नियम ठरवून घ्यावा लागतो. वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेला टेकलेली सोडायची. जिवंत पेशी चमकदार, गोल आणि आतून स्वच्छ दिसते. मृत पेशी आतून सरसकट निळी, बहुधा किंचित फुगलेली असते आणि तिची कड मंद दिसते. फोकस थोडा वर-खाली केला की जिवंत पेशीची चमक बदलते, मृत पेशीची फारशी बदलत नाही. फिकट निळी पेशी कोणत्या बाजूला धरायची, हे मोजणी सुरू करण्याआधी ठरवावे. आतून निळसर झालेली प्रत्येक पेशी मृत धरणे हा सोपा आणि टिकाऊ नियम आहे. कंट्रोलला एक नियम आणि औषधाच्या नमुन्याला दुसरा, असे झाले की तुलनाच उरत नाही.

नव्या हाताने एकदा तरी स्वतःची परीक्षा घ्यावी. पेशींचा एक भाग ६५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून मारावा, त्या सगळ्या निळ्या होतात याची खात्री करावी आणि मग तेवढ्याच चांगल्या पेशींत मिसळावा. चांगल्या पेशींची टक्केवारी ९६ असेल तर मिश्रणाचे उत्तर ४८ च्या आसपास यायला हवे. ६० आले तर डोळा फिकट निळ्या पेशींना जिवंत समजतो आहे.

काम करताना हातमोजे घालावेत. ट्रिपान ब्लूची गणना कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत होते. हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा डीएनए असतो, म्हणून उरलेला नमुना सोडियम हायपोक्लोराइटमध्ये टाकावा आणि चेंबर ७० टक्के अल्कोहोलने पुसावा.

आकडे मांडताना

आता सुरुवातीच्या फ्लास्ककडे वळू. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे आकडे अशा प्रयोगात सहज दिसू शकतात. प्रत्येक फ्लास्कमध्ये ६ लाख पेशी लावल्या होत्या. ४८ तासांनी औषधाच्या फ्लास्कमधून दोन नळ्या तयार केल्या. पहिलीत तळाला चिकटलेल्या पेशी, दुसरीत मीडियम आणि धुवणातून आलेल्या तरंगत्या पेशी. दोन्हींचा गोळा नेमक्या १ मिली पीबीएसमध्ये मिसळला.

चिकटलेल्या पेशींच्या नळीत चार चौकोनांत जिवंत पेशी ४६, ४१, ४४ आणि ४९ निघाल्या, एकूण १८०. मृत पेशी ४, ३, ६ आणि ५, एकूण १८. सूत्र असे आहे:

जिवंत पेशींची टक्केवारी = जिवंत पेशी ÷ (जिवंत पेशी + मृत पेशी) × १००

म्हणजे १८० ÷ १९८ × १०० = ९०.९. पहिल्या विद्यार्थ्याचे ९१ टक्के ते हेच. या सूत्रात पातळ करण्याचा गुणक लागत नाही, कारण तो वर आणि खाली सारखाच येऊन निघून जातो. संख्या काढताना मात्र तो लागतो:

एका मिलीतल्या पेशी = एका चौकोनाची सरासरी × २ × १०,०००

जिवंत पेशींची सरासरी १८० ÷ ४ = ४५, म्हणून ४५ × २ × १०,००० = ९ लाख. मृत पेशींची सरासरी ४.५, म्हणून ९० हजार. नळीत १ मिलीच द्रव असल्याने संपूर्ण नळीतल्या पेशीही एवढ्याच.

तरंगत्या पेशींच्या नळीत चार चौकोनांत जिवंत १२ आणि मृत ८४ निघाल्या. टक्केवारी १२ ÷ ९६ × १०० = १२.५. संख्येत जिवंत ३ × २ × १०,००० = ६० हजार आणि मृत २१ × २ × १०,००० = ४ लाख २० हजार.

संपूर्ण फ्लास्कची टक्केवारी काढताना इथे एक चूक हमखास होते. ९०.९ आणि १२.५ यांची बेरीज करून दोनने भागले की ५१.७ येते, आणि ते चुकीचे आहे. साठ मुलांच्या तुकडीचा निकाल आणि दहा मुलांच्या तुकडीचा निकाल यांची सरासरी घेऊन शाळेचा निकाल निघत नाही, तसेच हे. दोन्ही नळ्यांत पेशींची संख्या वेगळी आहे, म्हणून टक्केवारी न मिसळता पेशी मिसळाव्यात. जिवंत ९ लाख + ६० हजार = ९ लाख ६० हजार. मृत ९० हजार + ४ लाख २० हजार = ५ लाख १० हजार. एकूण १४ लाख ७० हजार. आता ९.६ ÷ १४.७ × १०० = ६५.३. दुसऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही भाग एकाच नळीत घेऊन मोजले आणि हेच ६५ टक्के त्याला थेट मिळाले.

एकत्र मोजणे सोपे आहे. वेगळे मोजल्याने मात्र एक जास्तीची गोष्ट कळते, की मृतांपैकी चार पंचमांशाहून अधिक पेशी तरंगत होत्या. मीडियम टाकून देणाऱ्याने नेमक्या त्याच गमावल्या.

६५ टक्केही पुरेसे का नाहीत

कंट्रोल फ्लास्कचे दोन्ही भाग एकत्र करून २ मिली पीबीएसमध्ये मिसळले. चार चौकोनांत जिवंत २४०, मृत १०. टक्केवारी २४० ÷ २५० × १०० = ९६. जिवंत पेशींची सरासरी ६०, म्हणून एका मिलीत १२ लाख आणि २ मिलीत २४ लाख.

६ लाखांच्या २४ लाख होणे म्हणजे पेशी ४८ तासांत दोनदा दुप्पट झाल्या. हेला पेशी चांगल्या स्थितीत साधारण एका दिवसात दुप्पट होतात, त्याच्याशी हे जुळते. औषधाच्या फ्लास्कमध्ये जिवंत पेशी ९ लाख ६० हजार, म्हणजे कंट्रोलच्या ४० टक्के.

एकाच फ्लास्कविषयी आता ९१, ६५ आणि ४० असे तीन आकडे हातात आहेत. पहिला अपुऱ्या छेदावरचा. दुसरा, मोजण्याजोग्या उरलेल्या पेशींपैकी किती जणींचे पटल शाबूत आहे ते सांगतो. तिसरा, औषध नसते तर जितक्या जिवंत पेशी असत्या त्यांच्या किती टक्के आहेत ते सांगतो. ६५ आणि ४० यांच्यामधली दरी दोन कारणांनी पडते. काही पेशी मेल्या नाहीत, पण औषधाने त्यांचे विभाजन थांबले. काही पेशी मरून इतक्या विरघळल्या, की चेंबरमध्ये पेशी म्हणून दिसल्याच नाहीत. पूर्ण फुटलेली पेशी निळी दिसत नाही, कारण ती दिसतच नाही, आणि छेदातून कायमची बाद होते. ही दोन कारणे ट्रिपान ब्लू वेगळी करू शकत नाही. म्हणूनच औषधाच्या प्रयोगात टक्केवारीसोबत जिवंत पेशींची संपूर्ण फ्लास्कमधली संख्याही द्यावी आणि ती कंट्रोलशेजारी मांडावी.

शक्य असेल तर २४ तासांनीही एक फ्लास्क मोजावा. मध्येच मृत पेशींची संख्या जास्त आणि नंतर कमी दिसली, तर पेशी सावरल्या असे लगेच म्हणू नये. आधी मेलेल्या पेशी विरघळून गेल्या असतील.

दशांश आणि खात्री

९०.९ मधला ९ किती विश्वासाचा? १९८ पेशी मोजून हे उत्तर आले. तोच नमुना पुन्हा भरून मोजला तर निव्वळ योगायोगाने ते ८७ ते ९५ यांच्यामध्ये कुठेही येऊ शकते. फक्त ५० पेशी मोजल्या असत्या तर ही फारकत दोन्ही बाजूंना आठ-आठ टक्क्यांपर्यंत गेली असती. म्हणून किमान २०० पेशी मोजाव्यात, चेंबरच्या दोन्ही बाजू भरून मोजाव्यात आणि उत्तर पूर्णांकात लिहावे. ९१ आणि ८९ यांच्यात औषधाचा परिणाम शोधू नये. तो दाखवायचा असेल तर प्रत्येकी किमान तीन स्वतंत्र फ्लास्क लागतात. एकच फ्लास्क तीनदा मोजल्याने मोजणाऱ्या हाताची फारकत कळते, पेशींची नव्हे.

एका चौकोनात शंभराहून जास्त पेशी आल्या तर मोजणी चुकायला लागते आणि नमुना पीबीएसने आणखी विरळ करावा लागतो. तो पाचपट विरळ केला तर सूत्रातला गुणक ५ × २ = १० होतो. याउलट चौकोनात जेमतेम दहा पेशी असतील तर चारऐवजी नऊही चौकोन मोजावेत आणि सरासरी नऊने भागून काढावी.

पटल शाबूत, पेशी मरणाच्या वाटेवर

पटल अखंड आणि तरीही पेशी वाचणार नाही, अशी अवस्था असते. पेशी ठरावीक क्रमाने स्वतःला संपवते, त्या अपॉप्टोसिसच्या सुरुवातीला पटल शाबूत असते आणि ट्रिपान ब्लू आत जात नाही. तेव्हा पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद बाहेरच्या बाजूला आलेला असतो. त्याला चिकटणाऱ्या ॲनेक्सिन-व्हीच्या चाचणीत अशी पेशी ओळखता येते, ट्रिपान ब्लूच्या चाचणीत ती जिवंत गणली जाते. सिस्प्लॅटिनच्या नमुन्यातल्या ९ लाख ६० हजार जिवंत पेशींमध्येही अशा काही असू शकतात.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो द्रव नायट्रोजनमधून काढलेल्या पेशींमध्ये. व्हायल ३७ अंशांना वितळवून लगेच मोजली तर ९० टक्के उत्तर येते आणि सगळे समाधानी होतात. दुसऱ्या दिवशी फ्लास्क पाहावा तर चिकटलेल्या पेशी बऱ्याच कमी आणि तरंगणाऱ्या पुष्कळ. गोठताना आणि वितळताना बसलेल्या धक्क्याचा मृत्यू पुष्कळदा काही तासांनी, कधी दिवसभराने प्रकट होतो. मोजणीच्या क्षणी पटल खरोखरच शाबूत होते, म्हणून आकडा चुकीचा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न मात्र अपुरा होता. अशा वेळी वितळवल्यावर लगेच एक आणि २४ तासांनी दुसरी मोजणी करावी, आणि दुसऱ्या मोजणीत तरंगत्या पेशीही घ्याव्यात. किती पेशी लावल्या होत्या त्याच्याशी २४ तासांनंतरची जिवंत संख्या ताडून पाहावी.

उलट्या दिशेची फसगतही होते. मॅक्रोफेजसारख्या पेशींना आजूबाजूचा द्रव गिळण्याची सवय असते. रंगात जास्त वेळ राहिल्या तर त्या शाबूत असूनही आत निळे ठिपके दाखवतात. ठिपक्यांनी निळी झालेली पेशी आणि सबंध निळी झालेली पेशी यांत फरक करावा. फॉर्मल्डिहाइडने स्थिर केलेल्या पेशींवर तर ही चाचणी करूच नये. स्थिर केलेल्या पेशींचे पटल पूर्वीसारखा अडसर राहत नाही, त्यामुळे मूळच्या जिवंत-मृताचा भेद त्यांत शोधता येत नाही.

वहीत काय लिहावे

नुसते '६५ टक्के' लिहिले तर सहा महिन्यांनी त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. वरच्या प्रयोगाची नोंद अशी असावी: हेला पेशी, टी-२५, लावताना ६ लाख, सिस्प्लॅटिनची मात्रा, ४८ तास. चिकटलेल्या आणि तरंगत्या पेशी वेगळ्या गोळा केल्या, दोन्ही १ मिली पीबीएसमध्ये. ट्रिपान ब्लू ०.४ टक्के, एकास एक, रंगवल्यापासून दोन ते पाच मिनिटांत मोजणी. फिकट निळ्या पेशी मृत धरल्या. चिकटलेल्या: जिवंत १८०, मृत १८. तरंगत्या: जिवंत १२, मृत ८४. चार चौकोन, गुणक २. एकत्रित टक्केवारी ६५, जिवंत पेशी ९ लाख ६० हजार, कंट्रोलच्या ४० टक्के.

यात चौकोनांतले कच्चे आकडे आहेत, ही त्या नोंदीची मुख्य गोष्ट. गुणक चुकला असेल, दोन टक्केवारींची सरासरी घेतली असेल किंवा तरंगत्या पेशी राहून गेल्या असतील, तर वहीवरून कोणालाही ते ओळखता येते आणि प्रयोग पुन्हा न करता हिशेब दुरुस्त करता येतो. टाकून दिलेले मीडियम मात्र परत मिळत नाही, म्हणून फ्लास्क इन्क्युबेटरमधून काढण्याआधी '१५ मिलीची नळी, तरंगत्या पेशी' असे लेबल लावून ती रॅकमध्ये उभी करून ठेवावी.